पाळी वारांची नको, कामांची लाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. आई मिरजेत एकटी, दादा पुण्यात, ताई नागपूरला आणि तू बंगळूरला. आईचं वय ७६, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण ती स्वतःचं स्वतः करते आणि घर सोडायला तयार नाही. अशा वेळी तिला महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे फिरवण्याच्या मी विरुद्ध आहे. ओळखीचा डॉक्टर, शेजार आणि रोजची सवय तुटली की मधुमेही माणसाचं खाणं-औषध आधी बिघडतं. तिने तिथेच राहायचं आणि तुम्ही पाळीने पोहोचायचं, हा तुमचा विचार मला पटतो.

पण तू पाठवलेल्या वेळापत्रकात 'सोमवारी ताई, मंगळवारी मी' असे फोन वाटले आहेत. हे फार दिवस टिकणार नाही. आई ताईला सांगते की पाय दुखतो, तुला सांगते की बरी आहे, आणि दादाला फक्त पाण्याच्या मोटारीबद्दल सांगते. तीन तुकडे तिघांकडे राहतात आणि पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही. म्हणून वारांऐवजी अख्खं काम एकेकाकडे द्या. औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांशी बोलणं ताईकडे, पैशांचा हिशेब तुझ्याकडे, घराची दुरुस्ती आणि बिलं दादाकडे. गप्पांचे फोन तिघांनी मनाला येईल तेव्हा करावेत. त्यात औषधाची चौकशी नको, नाहीतर आईला प्रत्येक फोन तपासणीसारखा वाटायला लागतो. औषधाचा फोन एकटी ताई करेल, आणि "कशी आहेस" असं न विचारता "सकाळी किती वाजता गोळी घेतली, नाश्त्याला काय होतं" असं विचारेल. आठवड्यातून एकदा तिने कामाच्या मावशींशीही बोलावं, आईला सांगून. फ्रिजमध्ये दूध नासलंय, आई दुपारी जेवत नाही, हे मावशींना आधी कळतं.

आता भेटी. तिघांनी तीन महिन्यांतून एकदा पाच-सहा दिवस जायचं ठरवलं, तर आईकडे दर महिन्याला कुणीतरी असेल. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी करतात. ती आणि डॉक्टरांची भेट पाळीला जोडून घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तिमाहीच्या आधीच तारखा ठरवल्या नाहीत तर नागपूरहून येणाऱ्या ताईला जागा मिळणार नाही. गणपती आणि दिवाळीला तुम्ही सगळे येता, ती भेट पाळीत धरू नका. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. सणाला घर भरतं, आणि मग दोन महिने कुणीच फिरकत नाही, कारण प्रत्येकाला 'आत्ताच तर जाऊन आलो' असं वाटत असतं.

दुसरा घोळ जवळ राहणाऱ्याचा होतो. पुण्याहून मिरज काही तासांवर आहे, तेव्हा आई पडली, ताप आला की फोन दादालाच जाणार. तसाच जावा. पण अशी अचानकची प्रत्येक फेरी त्याच्या पुढच्या पाळीत मोजायची आणि ती पाळी तुम्हा दोघींपैकी एकीने घ्यायची, हे आजच ठरवा. नाहीतर वर्षभरात दादा चिडचिडा होईल आणि तुम्हाला कारणच कळणार नाही. आणि दादाची पाळी म्हणजे वहिनीची पाळी नव्हे. ती आपणहून गेली तर आनंद आहे, पण वेळापत्रकात नाव मुलांचंच हवं.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र जाणाऱ्याकडून येणाऱ्याकडे होणाऱ्या निरोपावर दे. माझ्या ओळखीच्या एका घरात डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती. पुढच्या पाळीला आलेल्या मुलाने तीच गोळी दुसऱ्या कंपनीची आणली. नाव वेगळं, रंग वेगळा. आईंना वाटलं ही नवी गोळी आहे, आणि त्यांनी दोन्ही सुरू ठेवल्या. आठवड्याभरात पलंगावरून उठताना चक्कर यायला लागली. सगळ्यांनी वयाला दोष दिला. शेवटी सुनेने दोन पाकिटं शेजारी धरून बारीक अक्षरं वाचली, तेव्हा दोन्हींवर टेल्मिसार्टन हेच नाव निघालं. म्हणून वहीत कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहा. डॉक्टरांनी एखादी गोळी बंद केली किंवा बदलली की जाणाऱ्याने जुनी पाकिटं घरातून काढूनच निघायचं. वही घरातच राहू दे आणि निघताना त्या पानाचा फोटो तिघांत पाठवा. त्यात साखरेचे आकडे, शिल्लक गोळ्या किती दिवस पुरतील, डॉक्टरांची पुढची तारीख आणि आईचे तळपाय पाहिले का, एवढं असलं की पुरे. मधुमेहात पायाची जखम बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून ती आईला कळेलच असं नाही, आणि फोनवर तुम्हालाही नाही.

पैशांबद्दल तू 'तिघांत सारखे' असं लिहिलंस. मी तसं करणार नाही. तू कळवलेले आकडेच घेते. मावशींचे १२,००० रुपये, स्वयंपाकाचे ४,०००, औषधं-तपासण्या ६,०००. त्यात मी प्रवासाचे ५,५०० घालते, कारण मिरजेपासून लांब नोकरी मिळाली म्हणून ताईने तिकिटाचा जास्त भार सोसणं बरोबर नाही. महिन्याला २७,५०० झाले. तुमच्या हाती येणाऱ्या पगारांचं प्रमाण साधारण ६:३:२ आहे, तर दादाचे १५,०००, तुझे ७,५०० आणि ताईचे ५,०००. पण कमी पैसे देते म्हणून ताईने जास्त दिवस राहायचं, असा हिशेब कुणी मांडला तर तिथेच थांबव. पैसे ऐपतीने, दिवस सारखे.

हा निधी आईच्या पेन्शनच्या खात्यात मिसळू नका. वेगळं खातं उघडा, आणि ते आई आणि दादाच्या नावावर, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल अशा पद्धतीचं असू दे. नुसतं नामनिर्देशन केलं तर खातेदार हयात असेपर्यंत नाव लावलेल्या माणसाला त्यातून एक रुपयाही काढता येत नाही, आणि हे बऱ्याच जणांना दवाखान्याच्या काउंटरवर कळतं. आईचं वय ७० च्या वर असल्यामुळे तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लागता निघेल. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्या आणि मावशींचा पगार त्यात बसत नाही, तेव्हा कार्ड आलं म्हणून महिन्याची रक्कम कमी करू नका. मिरज-सांगलीतली कोणती रुग्णालयं योजनेत आहेत, त्यांची नावं दादाने आधीच काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत.

हे सगळं आईसमोर बसून ठरवा. तिचं शरीर, तिचं घर आणि तिच्या गोळ्या आहेत. वही कुठे ठेवायची हेही तिलाच विचार.

ही व्यवस्था दिवसा स्वतःचं करू शकणाऱ्या आईसाठी आहे. ती रात्री एकदा जरी पडली, गॅस चालू राहिला, किंवा गोळ्यांच्या डब्यातले आठवड्याचे दोन-तीन कप्पे भरलेलेच सापडले, तर पाळ्या वाढवून भागणार नाही. रात्री घरात माणूस लागेल, आणि रात्रीच्या बाईचा पगार धरला की २७,५०० चा आकडा पुरणार नाही. तो खर्च किती येईल हे आत्ताच मिरजेत विचारून ठेव आणि त्याच ६:३:२ ने वाटून तिघांसमोर मांड.

तुझी,
काकू