तासाभरात फुल सर्व्हिस होत नाही

प्रश्न: "सासऱ्यांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ आहे, दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं. दर पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावंच लागतं का? दुकानदार म्हणतो, तासाभरात फुल सर्व्हिस करून देतो."

"तासाभरात" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. आधीच सांगतो, मी घड्याळजी नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण माझंही जनताच, वडिलांचं, आणि ते मी स्वतःच्या हाताने खराब करून घेतलं.

राजवाड्याजवळच्या एका दुकानात (नाव घेत नाही) सहा वर्षांत तीनदा "फुल सर्व्हिस" करवली. प्रत्येक वेळी मी समोर उभा. मागचं झाकण उघडायचं, मशीन अख्खं पेट्रोलमध्ये बुचकळायचं, फुंकून वाळवायचं, सुईने इकडेतिकडे तेल सोडायचं. शेवटी वेग जुळवायची पट्टी जराशी सरकवली की वेळ बरोबर. दोन-चार महिने झकास, मग पुन्हा रात्री उशाशी ठेवलं की सकाळी बंद. मी म्हणायचो, जुनं आहे, चालायचंच.

चौथ्यांदा रामबागेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी मशीन सुटं केलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "भाईसाहब, खुद देख लो." चाकाच्या आसाचं टोक केसाएवढं बारीक असतं. त्यावर खाच पडली होती, विहिरीच्या काठाला दोरामुळे पडते तशी. हे टोक एका बारीक खड्याच्या भोकात फिरतं, आणि बुचकळल्याने त्या भोकातला सुकलेला थर निघत नाही. त्यावर नवं तेल पडलं की धूळ, धातूची पूड आणि तेल मिळून घासायची पेस्ट होते, आणि चाक ती पेस्ट घेऊन रात्रंदिवस फिरतं. मुख्य स्प्रिंगचा डबा, म्हणजे बॅरल, तर तिन्ही वेळा उघडलाच नव्हता. आत काजळीसारखं काळं. ते चाक शेवटी दुसऱ्या बंद पडलेल्या जनतामधून काढून बसवावं लागलं.

खरं ओव्हरहॉलिंग मी तेव्हा पाहिलं. आधी स्प्रिंगचा ताण उतरवतात. मग काटे, डायल, झोके घेणारं बॅलन्स चाक, त्याला ढकलणारा पॅलेट, बाकीची चाकं, बॅरल, सगळं सुटं होतं. भाग सफाईच्या द्रावणात धुतात, खड्यांची भोकं लाकडी काडीच्या टोकाने कोरून साफ करतात आणि प्रत्येक टोक भिंगाखाली तपासतात. स्प्रिंग थकलेली असेल तर नवी. एक गंमत: पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात, म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचा नाही, लाख विरघळते.

तेलही एकच नसतं. ताण जास्त तिथे जाड तेल किंवा ग्रीस, वेगाने फिरणाऱ्या टोकांना पातळ, तेही थेंबाच्या कणाएवढं. चाकांच्या दात्यांना तेल नाहीच. आमच्या पहिल्या दुकानदाराने नेमकं तिथेच ओतलं होतं!

नंतर घड्याळाची टिकटिक ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, टाइमग्राफरवर, ठेवतात. त्यात बॅलन्स चाक मधल्या जागेपासून किती अंश झोके घेतं ते दिसतं. पूर्ण चावी दिलेली, डायल वर असताना साधारण २७० ते ३०० चांगलं. माझं आलं तेव्हा १८० च्या आसपास होतं, जेमतेम धडपडत. आणि तरीही वेळ दाखवत होतं, कारण पट्टी सरकवून दुखणं झाकलं होतं. आडवं ठेवलं की वेगळं, उभं ठेवलं की वेगळं, म्हणून तपासणी वेगवेगळ्या स्थितींत आणि निदान दिवस-दोन दिवस चालते. माझं घड्याळ बारा दिवस ठेवून घेतलं, त्यातले निम्मे नुसते पाहण्यात गेले.

किती वर्षांनी? कंपन्यांचंच एकमत नाही. ओमेगा ५ ते ८ वर्षं सांगते, रोलेक्स साधारण १० वर्षं. जुन्या घड्याळाला मी तरी ४-५ वर्षं धरतो. कपाटात पडून असलं तरी तेल सुकतं, तेव्हा "वापरलंच नाही" हा बचाव नाही. काचेच्या आत वाफ दिसली तर वर्षं मोजू नका, त्याच दिवशी न्या.

तुमचं दिवसाला पाच मिनिटं मागे पडतंय, म्हणजे पट्टीने जुळवायचा विषय नाही, उघडावंच लागेल. (उलट अचानक पाच मिनिटं पुढे पळत असतं, तर आधी चुंबकाचा संशय घेतला असता. मोबाइलच्या फ्लिप कव्हरलाही चुंबक असतो. घड्याळात शिरलेलं चुंबकत्व उतरवायला काही सेकंद लागतात, सर्व्हिसिंग नाही.) तोवर चावी देऊ नका, सुकलेल्या तेलावर चालवलं की झीज वाढते. दुकानदाराला एवढंच विचारा: बॅरल उघडणार का, आणि आधीचं-नंतरचं टाइमग्राफरचं रीडिंग दाखवणार का? तो हसला, तर घड्याळ खिशात टाका आणि बाहेर पडा.