ज्येष्ठांसमोर पचनावर बोलायचं असेल तर

पहिल्यांदाच बोलणार आहेस, तर जठर, यकृत, स्वादुपिंड असा सगळा तक्ता उघडून बसू नकोस. पारावरच्या आबाजींची तक्रार एकच असते, "पोट साफ होत नाही." तिथूनच सुरू कर.

त्यांना सांग, लहान आतड्याचं काम वयानं फारसं बिघडत नाही. मंदावतं ते मोठं आतडं. त्याची हालचाल चालवणाऱ्या मज्जापेशी कमी होतात, मळ पुढे सरकायला वेळ लागतो, आणि तो जितका रेंगाळतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. म्हणून खडा होतो.

मग एक उदाहरण घे. दाढा पडल्या म्हणून आजीनं ज्वारीची भाकर अन् पालेभाजी सोडली, चहा-टोस्टवर आली. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी कमी केलं. या वयात तहानही कमीच लागते. त्यात रक्तवाढीची गोळी सुरू. दोष एकट्या वयाचा नाही, हे इथे लोकांना आपोआप दिसतं. उपायही त्यातच आहे: भाकर वरणात कुस्करून, भाजी मऊ शिजवून, पाणी दिवसाउजेडी. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. गोळीही मनानं बंद करायची नाही.

एरंडेलाचा विषय निघणारच. हसू नकोस, रोज घेऊ नका, एवढं सांग. मळात रक्त दिसलं किंवा वजन उतरत असलं, तर मात्र थेट प्राथमिक आरोग्य केंद्र.