बोलून माणूस परत येत नाही, मग आयपीटी कशासाठी?

*नमस्कार. मी ६८ वर्षांची आहे. यजमानांना पार्किन्सन्स होता, सहा वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. ते जाऊन १४ महिने झाले. अजून पहाटे पाचला त्यांच्या गोळीच्या वेळेला जाग येते, मग झोप नाही. जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही. त्यांच्या औषधांचा ड्रॉवर तसाच भरलेला आहे. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळी चालू केली, आता म्हणतात आयपीटी नावाची थेरपी घ्या. बोलून काय होणार, माणूस परत थोडाच येणार आहे? मुलगा रोज फोन करतो पण काय बोलायचं कळत नाही. आणि एक कोणालाच सांगितलेलं नाही. ते गेले त्या रात्री मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं.*

काकू, सगळ्यात आधी तो ड्रॉवर. त्यातली औषधं या आठवड्यात मुलाला किंवा दुसऱ्या कोणालातरी सांगून औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत द्यायला लावा, स्वतः बसून एकेक पाकीट बघत आवरू नका. आणि सरळच विचारते, कारण हे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन विचार घुसत नाही: काकांकडे जावं, आपणही संपावं असं मनात येतं का? येत असेल तर थेरपीच्या तारखेची वाट बघायची नाही, आज डॉक्टरांना फोन, आणि विचार जोरात असेल तर थेट इमर्जन्सीला, सोबत कोणीतरी घेऊन. उतारवयातल्या डिप्रेशनमध्ये लोक हे सहसा बोलून दाखवत नाहीत आणि घरात शिल्लक औषधं असतात, म्हणून एवढं खोदून विचारतेय.

आता आयपीटी. इंटरपर्सनल सायकोथेरपी, १९७० च्या दशकात जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी अमेरिकेत डिप्रेशनसाठीच बांधलेली. डिप्रेशन एकाच कारणाने होतं असं ती म्हणत नाही. ती एवढंच म्हणते की आजार सुरू झाला तेव्हा माणसांमध्ये, नात्यांमध्ये काय बदललं ते पकडा आणि नेमकं तिथेच काम करा, लहानपण उकरत बसू नका. त्यासाठी चार खाती आहेत: कोणाचा मृत्यू, नात्यातला वाद, आयुष्यातल्या भूमिकेत झालेला बदल, आणि मुळात माणसांचीच कमतरता. साधारण १२ ते १६ सेशन, आठवड्याला एक, आणि शेवटाची तारीख पहिल्यापासून माहीत.

तुमचं पत्र वाचून कोणीही म्हणेल की खातं पहिलं, नवरा गेला म्हणून दुःख. मला ते अर्धंच वाटतं. तुमच्या हातून त्या रात्री दोन गोष्टी एकदम गेल्या, नवरा गेला आणि नोकरीही गेली. हो, नोकरीच म्हणते. पार्किन्सन्सच्या गोळ्या अर्धा तास इकडेतिकडे झाल्या तरी कधीकधी माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, म्हणजे सहा वर्षं तुमचा दिवस घड्याळाला बांधलेला होता, डॉक्टर तुमच्याशी बोलायचे, मुलगा तुम्हाला रिपोर्ट विचारायचा, तुमच्याशिवाय घर हलत नव्हतं. पाचला जाग येते ती काकांच्या आठवणीने येते हे खरं, पण ती ड्युटीची पण जाग आहे आणि ड्युटी आता नाहीये. ही दोन दुःखं एकमेकांत अडकली की माणूस नुसताच गोठतो, कारण एकासाठी रडायला गेलं की दुसरं आडवं येतं.

सेशन साधारण कसे जातील ते सांगते, म्हणजे आत शिरताना अंधारात पाय टाकल्यासारखं वाटणार नाही.

पहिले तीन. लक्षणं मोजतात, बहुतेक नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ वर, ० ते २७ मध्ये स्कोअर येतो. थायरॉइड, बी-१२, चालू असलेली बाकीची औषधं आणि ऐकू येणं हे सगळं तपासलंय ना ते विचारतील, नसेल विचारलं तर तुम्ही काढा विषय, कारण या वयात यातलं काहीही डिप्रेशनसारखं दिसू शकतं किंवा ते वाढवू शकतं. मग तुम्हाला स्पष्ट सांगतील की तुम्ही आजारी आहात. याला आयपीटीत पद्धतशीर जागा आहे, म्हणजे मैत्रिणीचा फोन घेतला नाही याचा दोष तात्पुरता तुमच्या स्वभावावरून काढून आजारावर ठेवायचा, त्या बदल्यात बरं होण्याचं काम मात्र तुमचं. नंतर माणसांची यादी: कोण कोण आहे, किती भेट होते, त्यांच्याकडून काय हवंय, काय मिळत नाही. तिसऱ्या सेशनच्या शेवटी थेरपिस्ट दोन-चार वाक्यांत मांडणी करतात, 'तुमचा आजार या घटनेशी असा जोडलेला दिसतो, आपण यावर काम करू, पटतंय का?' नाही पटलं तर तिथेच म्हणा. विषय एक, फार तर दोन. सगळंच घेतलं की काहीच होत नाही.

चार ते आठ, काका. शेवटच्या आजारपणाचा, त्या रात्रीचा आणि नंतरच्या दिवसांचा क्रम सावकाश सांगायला लावतात. कोण खोलीत होतं, कोणी काय म्हटलं, तुम्ही हातात काय धरलं होतं. असं बारीक विचारण्याचं कारण आहे, गोठलेलं दुःख 'फार वाईट झालं' या वाक्याने हलत नाही, ते अशाच एखाद्या बारीक गोष्टीपाशी हलतं. मग पूर्ण नातं, आजारपणाच्या आधीचं पण, त्यात काका चिडायचे ते, तुम्हाला राग यायचा तो, सगळं. गेलेल्या माणसाला आपण देव करून टाकतो आणि मग त्याच्यावरचा राग स्वतःवर फिरतो. सुटल्यासारखं वाटणं इथे येतं. काकू, सहा वर्षं रात्रीची सलग झोप नसलेल्या बाईच्या शरीराने सोडलेला तो श्वास होता. त्यात प्रेम कमी असल्याचा पुरावा कुठेच नाही. काळजी घेणाऱ्या बऱ्याच माणसांना असं वाटतं आणि बरेच जण ते लपवतात. पण हे मी इथे लिहून तुम्हाला पटणार नाही, तुमच्या तोंडून बाहेर पडलं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही हे तुम्ही बघितलं की पटायला लागेल.

नऊ ते तेरा, भूमिका. आधी जुन्या भूमिकेचा हिशोब, तिने दिलं काय (गरज, वेळापत्रक, मान) आणि घेतलं काय (झोप, कंबर, मैत्रिणी). मग नवीन भूमिकेत काय कठीण वाटतं आणि काय चक्क चांगलं असू शकतं. इथे एक चूक फार होते, थेरपिस्ट किंवा घरचे दुसऱ्या आठवड्यातच 'एखादा छंद लावून घ्या' म्हणतात. जुन्याचा निरोप झालेला नसताना नवीन काही चिकटत नाही, माणूस दोनदा जातो आणि सोडतो आणि वर स्वतःलाच नालायक ठरवतो. तुमचा थेरपिस्ट अशी घाई करायला लागला तर थांबवा त्यांना.

याच टप्प्यात मुलाचा फोन येईल. आयपीटीत एखादं बोलणं शब्दन् शब्द उलगडून बघतात. समजा तो म्हणतो 'कशी आहेस आई?' तुम्ही म्हणता 'बरी आहे.' तो 'जेवलीस?' तुम्ही 'हो.' तो 'चल मग.' थेरपिस्ट विचारतील, 'बरी आहे' म्हणालात तेव्हा मनात काय होतं? तुम्ही कदाचित म्हणाल, वाटलं त्याने अजून एकदा विचारावं. त्याला ते कळलं असेल का? नाही. त्याने काय ऐकलं? आईला बोलायचं नाहीये. म्हणजे दोघांनाही बोलायचं होतं आणि फोन एका मिनिटात संपला! मग दुसरं वाक्य शोधतात, 'आज सकाळ जड गेली, बाबांची आठवण काढू का तुझ्याशी पाच मिनिटं?' ते तिथेच मोठ्याने म्हणून बघायचं, अवघडल्यासारखं होतं, तरी म्हणायचं. आठवडाभरात एकदा प्रत्यक्ष वापरायचं आणि काय झालं ते पुढच्या वेळी सांगायचं. त्याचाही बाप गेलाय, तो पण बहुतेक तुम्हाला रडू येईल म्हणूनच जेवणाचं विचारत असेल.

शेवटचे दोन-तीन. थेरपी संपणं हा पण एक छोटा निरोपच, म्हणून तो आधीपासून उघड बोलतात. स्कोअर परत चढू शकतो, घाबरू नका. डिप्रेशन परत यायला लागलं तर तुमची पहिली खूण कोणती (मला वाटतं फोन न घेणं) आणि ती दिसली की कोणाला सांगायचं, हे ठरवून निघायचं.

सेशन ५० मिनिटांचं झेपत नसेल तर अर्ध्या तासाचं मागा, फोनवरही होतं, लक्षात राहत नसेल तर शेवटी दोन ओळी लिहून घ्या. स्कोअर निम्म्यावर आला की चांगला प्रतिसाद धरतात. सहा-आठ आठवड्यांत तो जागचा हललाच नाही तर 'अजून थोडं बघू' वर समाधान मानू नका, डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांना एकत्र विचार करायला सांगा.

आणि गोळी बंद करायची नाही. पिट्सबर्गमधल्या १९९९ च्या अभ्यासात वारंवार डिप्रेशन येणारे साठीपुढचे लोक बरे झाल्यावर तीन वर्षं बघितले: गोळी आणि महिन्याला एक आयपीटी दोन्ही असलेल्यांत २०% ना आजार परत आला, नुसत्या गोळीवर ४३%, नुसत्या आयपीटीवर ६४%, दोन्ही नसलेल्यांत ९०%. पुढे २००६ ला सत्तरीपुढच्यांत त्या महिन्याच्या थेरपीचा फायदा दिसला नाही, गोळीचा दिसला. म्हणून थेरपी घ्याच म्हणते, पण गोळीऐवजी नाही.

एक मर्यादा पण माहीत असू दे. वर्ष उलटून गेल्यावरही ते खरंच गेलेत हे मन मानतच नसेल, जवळजवळ रोज तीव्र ओढ लागत असेल, त्यांच्या खोलीत पाऊल टाकता येत नसेल किंवा तिथून निघताच येत नसेल, तर तो डिप्रेशनसोबतचा वेगळा त्रास असू शकतो, लांबलेलं दुःख, आणि त्याच्यासाठी वेगळी खास थेरपी आहे. २००५ मध्ये अशा लोकांत दोन्हींची तुलना झाली, खास थेरपीने ५१% सुधारले, आयपीटीने २८%. तुमच्या पत्रात मला डिप्रेशन जास्त दिसतं, पण मी तुम्हाला समोर बघितलेलं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत हा प्रश्न थेरपिस्टला स्पष्ट विचारा.

ती रात्रीची गोष्ट पहिल्या सेशनला तोंडातून निघणार नाही असं वाटत असेल तर बोलू नका. हे पत्र प्रिंट करून न्या आणि तुमची शेवटची ओळ त्यांना वाचायला द्या.