ऑर्डर 1.2 आली म्हणून शाखा बदलू का?

*मी मुलुंडला राहते, बारावी सायन्सला आहे. प्रोजेक्टसाठी पोटॅशियम पर्सल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइडची क्लॉक रिअ‍ॅक्शन केली. तीन रीडिंग आली: 39, 87 आणि 90 सेकंद. आयोडाइड निम्मं केलं तेव्हा ऑर्डर 1.16 आली, पर्सल्फेट निम्मं केलं तेव्हा 1.2. कॉलेजात सांगितलं, 1 लिहून टाक. आणि समीकरणात आयोडाइडच्या आधी 2 आहे, मग ऑर्डर 2 का नाही? मला केमिकल इंजिनिअरिंगला जायचंय, पण एवढंही जमत नसेल तर कॉम्प्युटरला जाऊ का? सोबत वहीची पानं पाठवते आहे.*

तुझी 1.2 चुकून आलेली नाही. तू घड्याळ नीट लावलंस, म्हणून ती दिसली. ती कुठून आली हे कळलं की शाखेचा प्रश्नही बराचसा सुटेल, म्हणून आधी वहीच बघू.

तुझ्या पहिल्या प्रयोगात 0.20 मोलर आयोडाइड 20 मिली, 0.10 मोलर पर्सल्फेट 20 मिली आणि स्टार्च घातलेलं 0.0050 मोलर थायोसल्फेट 10 मिली आहे. एकूण 50 मिली. म्हणजे मिश्रणात आयोडाइड 0.080, पर्सल्फेट 0.040 आणि थायोसल्फेट 0.0010 मोलर. तयार होणारं आयोडीन थायोसल्फेट लगेच खाऊन टाकतं आणि त्याचं पुन्हा आयोडाइड होतं. थायोसल्फेट संपलं की पुढचं आयोडीन स्टार्चला भेटतं आणि मिश्रण एका क्षणात निळं होतं. दोन थायोसल्फेट एका आयोडीनला पुरतात, म्हणून निळं होईपर्यंत 0.00050 मोलर आयोडीन तयार झालेलं असतं. त्याला 39 सेकंदांनी भागलं की रेट 1.28 × 10⁻⁵ मोल प्रति लिटर प्रति सेकंद. तेवढ्या वेळात पर्सल्फेट जेमतेम सव्वा टक्का संपतं आणि आयोडाइड तर होतं तेवढंच राहतं. म्हणूनच याला इनिशियल रेट म्हणायचं. (थायोसल्फेटचं ते निम्मं करायला विसरलीस तर ऑर्डर बरोबरच येते, रेट कॉन्स्टंट k मात्र दुप्पट येतो. ही चूक फार जण करतात आणि ऑर्डर बरोबर आल्यामुळे ती लक्षातही येत नाही.)

आता ऑर्डर 1 धरून तिन्ही प्रयोगांचा k काढ. रेटला दोन्ही कॉन्सन्ट्रेशनच्या गुणाकाराने भागायचं, बस. पहिल्यात 0.0040 येतो, दुसऱ्यात 0.0036, तिसऱ्यात 0.0035 लिटर प्रति मोल प्रति सेकंद. तापमान तेच असेल तर k बदलायला नको, आणि तुझ्याकडे तो बदलला, तोही तू पातळ केलेल्या दोन्ही प्रयोगांत आणि एकाच दिशेने. स्टॉपवॉच दाबताना चूक झाली असती तर एक रीडिंग वर आणि एक खालीही जाऊ शकलं असतं.

दुसऱ्या प्रयोगात 10 मिली आयोडाइड कमी केलंस आणि त्याच्या जागी 10 मिली डिस्टिल्ड वॉटर घातलंस. तिसऱ्यात पर्सल्फेटच्या बाबतीत तेच केलंस. वाटतं की आपण एकच गोष्ट बदलली, पण बदलल्या दोन. पर्सल्फेट आणि आयोडाइड दोन्ही ऋण आयन आहेत, एकमेकांना ढकलतात. भोवती इतर आयनांची गर्दी असेल तर ते ढकलणं थोडं झाकलं जातं आणि ते सहज जवळ येतात. पाणी घालून तू ती गर्दीही कमी केलीस, म्हणून रेट निम्म्याहूनही खाली गेला आणि ऑर्डर 1 च्या वर आली. या गर्दीचं माप म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ. तिचा हिशोब मांडला तर पहिल्या प्रयोगात ती साधारण 0.20 येते आणि तिसऱ्यात 0.14. एवढ्या फरकाने k पंधरा-अठरा टक्क्यांनी घसरायला हवा. तुझा तेरा-चौदा टक्क्यांनी घसरला आहे. दुसऱ्या प्रयोगात गर्दी कमी घटली, म्हणून तिथे ऑर्डरही कमी फुगली. आकडे एकमेकांशी जुळतात.

उपाय सोपा आहे. आयोडाइड 10 मिली कमी करशील तेव्हा पाण्याऐवजी 0.20 मोलर पोटॅशियम नायट्रेट 10 मिली घाल. पर्सल्फेट कमी करशील तेव्हा 0.10 मोलर पोटॅशियम सल्फेट 10 मिली. सोडियमचं मीठ घेऊ नकोस, पोटॅशियमचंच घे, म्हणजे धन आयनही तेच राहतील. दोन्ही वेळा 78 सेकंदांच्या आसपास रीडिंग यायला हवं. समजा 79 आणि 77 आली, तर ऑर्डर 1.02 आणि 0.98 येते आणि k तिन्ही वेळा 0.0040 च्या जवळ राहतो. तेव्हा 1 लिहिलंस तर ते मोजून लिहिलेलं असेल.

पण त्याआधी तापमानाचा संशय फेडून घे, कारण दोन अंशांचा फरकही साधारण तेवढाच परिणाम करतो. लॅबमध्ये एसी मधेच बंद झाला तर तेवढा फरक सहज पडतो. मोठ्या प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन सगळे फ्लास्क त्यात दहा मिनिटं ठेव, थर्मामीटर टबातच राहू दे. सगळ्यात शेवटी पहिला प्रयोग पुन्हा कर. पुन्हा 39 च्या आसपास आला तर तापमान सरकलेलं नाही. पर्सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी बनव, ते ठेवून ठेवून हळूहळू विघटतं. नळाचं पाणी कुठेच वापरू नकोस. तांब्याचे थोडेसे आयनसुद्धा ही रिअ‍ॅक्शन पळवतात.

आयोडाइडपुढच्या 2 बद्दल. समीकरण फक्त एकूण किती लागलं ते सांगतं. ऑर्डर ठरते ती सगळ्यात सावकाश पायरीवर, आणि इथे त्या पायरीत एका पर्सल्फेटला एकच आयोडाइड भेटतं. दुसरं आयोडाइड पुढच्या झटपट पायरीत लागतं. रेट आयोडाइड संपण्याचा धरलास तर तो दुप्पट होतो आणि k सुद्धा, म्हणून वहीत रेट कशाचा धरला ते लिही.

सीईटीत हे सगळं लागत नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पेपरात 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, तिथे टेबलमधल्या ज्या दोन ओळींत एकच कॉन्सन्ट्रेशन बदललंय त्या शोधायच्या आणि रेटचा भागाकार करायचा. अशी जोडी नसेल तर आधी दुसऱ्या पदार्थाची ऑर्डर काढून तिचा वाटा भागून टाकायचा. आठवडाभर रोज पाच गणितं केलीस तर हात बसेल.

शाखेचं म्हणशील तर, या प्रोजेक्टवरून कॉम्प्युटरला जाण्याचं कारण मला दिसत नाही. माटुंग्याच्या आयसीटीत किंवा इतर कुठेही केमिकलला गेलीस तर रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग हा विषय याच धाग्यावर पुढे जातो: मोजलेल्या रेटवरून ऑर्डर आणि k, आणि त्यावरून रिअ‍ॅक्टर केवढा हवा. k मध्ये चौदा टक्क्यांची चूक असली तर टाकीचा आकारही साधारण तेवढाच चुकतो. 1 लिहून पुढे न जाता तू विचारलंस, त्या विषयात नेमकं हेच लागतं. कॉम्प्युटर मनापासून आवडत असेल तर जरूर जा, पण ते कारण वेगळं लिहून पाठव, त्यावर वेगळं बोलू.

प्रोजेक्टच्या वहीत जुनी तिन्ही रीडिंग खोडू नकोस. त्यांच्याखाली पोटॅशियम नायट्रेट आणि सल्फेट घालून आलेली नवी रीडिंग लिही, आणि दोन्हींचे k शेजारी शेजारी मांड.