रोज त्रिफळा घेतल्याने पोटाला सवय लागते का?

प्रश्न: वडील (वय ६८) पंचवटीतून आणलेलं चूर्ण रोज रात्री घेतात. आधी एक चमचा पुरायचा, आता दोन लागतात. न घेतल्यास पोट साफ होत नाही. बंद करावं का?

उत्तर: आधी पाकिटावरचे घटक वाचा. नुसत्या त्रिफळ्यात हिरडा, बेहडा आणि आवळकाठी एवढंच असतं. 'पोटसफा' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी मिसळलेली असते. ती आतड्याला डिवचून जुलाब घडवते, आणि महिनोन्महिने घेतली तर तिच्याशिवाय शौचाला न होण्याची तक्रार बहुधा तिथेच सुरू होते. मात्रा वाढवावी लागतेय, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावरच.

शुद्ध त्रिफळा सौम्य असतो. झोपताना कोमट पाण्यातून ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक छोटा सपाट चमचा, पुरतो. तोही कायमचा नको, दोन-तीन आठवड्यांनी थांबून बघावं.

आता एकदम बंद करू नका. दोनावरून दीड, आठवड्याने एक, मग अर्धा, मग एक दिवसाआड. सोबत पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी वाढवा आणि सकाळी चहानंतर शौचाला बसायची ठरलेली वेळ पाळा. पहिले काही दिवस पोट जड वाटेल. तेवढ्यावरून पुन्हा दोन चमच्यांवर जाऊ नका.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, लोह आणि कॅल्शियमनेही बद्धकोष्ठ होतं, वडिलांच्या चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवाच. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्रिफळाही त्यांना विचारूनच. शौचात रक्त, घटणारं वजन किंवा या वयात अचानक बदललेली सवय असेल तर चूर्ण बाजूला ठेवून आधी तपासणी.