कापलेला ‘पण’: ग्राहकांच्या अभिप्रायांविषयी प्रश्नोत्तरे

सण महिन्यावर आला की माझ्याकडे येणारे विक्रेत्यांचे प्रश्न एकाच वळणाचे होतात. ग्राहकाचा अभिप्राय खराच आहे, फक्त ‘थोडा नीट करून’ जाहिरातीत लावला तर? त्या ‘थोडा’मध्ये किती काय मावतं हे बरीच वर्षं पाहतोय, म्हणून या वेळी उत्तरं आधीच लिहून ठेवतो.

प्रश्न: मेसेजमधल्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या तर चालेल का?

चालेल. पण ‘बरी आहे’चं ‘भारी आहे’ होणं हे शुद्धलेखन नव्हे. त्यांनी न दिलेलं उद्गारचिन्हही तुम्ही देऊ नका.

प्रश्न: ग्राहक बाईंचा मेसेज लांबलचक आहे, बॅनरवर दोनच ओळी मावतात. चांगलं तेवढं ठेवलं तर ते खोटं कसं? शब्द तर त्यांचेच आहेत.

शब्द त्यांचे, पण बोलणं तुमचं झालं. याच एका गोष्टीवर मी दरवर्षी सगळ्यात जास्त वाद घालतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही पाठवलेला मूळ मेसेज असा आहे: ‘चादरी छान आहेत. रंग फोटोत दिसतो तसाच आहे, पण पहिल्या धुण्यात थोडा गेला, नंतर नाही. पार्सल सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा आलं, नशीब सणाच्या आदल्या दिवशी तरी मिळालं. कापड जाड आहे, आईला फार आवडलं.’

आणि बॅनरचा मसुदा असा: ‘चादरी छान आहेत. रंग फोटोत दिसतो तसाच आहे. पार्सल सणाच्या आदल्या दिवशी मिळालं.’

‘चार दिवस उशिरा’ गेलं, ‘नशीब’ आणि ‘तरी’ हे दोन शब्दही गेले आणि तक्रारीची शाबासकी झाली. वाचणाऱ्याला वाटेल, वा, सणाच्या आत घरात! सणाची खरेदी करणारा माणूस आधी हेच पाहतो, वस्तू वेळेत येईल की नाही. नेमक्या त्याच बाबतीत तुम्ही त्याला उलटं सांगितलंत.

रंगाचंही तसंच. माझा नियम सोपा आहे: ज्या विषयावरची स्तुती ठेवाल, त्या विषयावरची कुरकुरही ठेवा. रंगाचं वाक्य घ्यायचं तर ‘पण’सकट पूर्ण घ्या, नाहीतर रंगाचा विषयच काढू नका. जागा कमी आहे ना? मग एवढंच लावा: ‘चादरी छान आहेत… कापड जाड आहे, आईला फार आवडलं.’ मधलं गाळलंय तिथे तीन टिंबं राहू द्या. डिझायनरला ती खुपतात, पण काढू देऊ नका. ‘छान आहेत’ आणि ‘जाड आहे’ ही दोन्ही मतं त्यांनी हातचं काही न राखता दिली आहेत, म्हणून ती सुटी उचलता येतात.

आता खरी खोच. हीच प्रामाणिक ओळ ‘सणाआधी घरपोच!’ या ठळक मथळ्याखाली लावलीत, तर ती पुन्हा फसवी झाली. शब्द न शब्द खरा, पण ज्या बाईंचं पार्सल उशिरा आलं त्यांनाच तुम्ही वेळेच्या वचनाला साक्षीदार म्हणून उभं केलंत. म्हणून कापलेली ओळ एकटी तपासू नका. मथळा, फोटो आणि ओळ एकत्र ठेवून वाचा. मग गाळलेला भाग वेगळा वाचा आणि विचारा, हे माहीत असतं तर घेणाऱ्याने वेगळं ठरवलं असतं का? शेवटी तयार बॅनर त्या बाईंनाच पाठवा: ‘असं लावतोय, चालेल का?’ त्यांनी ‘मी असं म्हटलं नव्हतं’ म्हटलं, तर विषय संपला.

प्रश्न: दोघींचे मेसेज जोडून एक छान अभिप्राय होतो. करू का?

नाही. असं बोलणारी तिसरी बाई जगात नाही.

प्रश्न: शंभरेक अभिप्राय आहेत. त्यातले सर्वात गोड पाच निवडले तर गैर काय?

गोड निवडण्यात गैर नाही, एकट्यादुकट्याचा अनुभव सर्वांचा म्हणून दाखवण्यात आहे. आधी सगळे वाचा आणि कुठली तक्रार पुन्हा पुन्हा येते ते कागदावर मांडा. समजा शंभरातले वीस जण म्हणतात माप लहान आहे, तर ‘माप एकदम बरोबर’ म्हणणारा अभिप्राय कितीही खरा असला तरी लावू नका. त्याऐवजी मापाची सूचना आधी सुधारा. आणि अभिप्राय त्वचा, तब्येत, सुरक्षितता किंवा पैशाच्या फायद्याबद्दल असेल तर छापण्याआधी जाहिरातीचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवाच. ‘हे आम्ही नाही, ग्राहक म्हणतो’ ही ढाल नाही. जाहिरातीत आलेला दावा तुमचाच धरला जातो आणि तो सिद्ध करणंही तुमच्यावरच येतं.

प्रश्न: माल नवा आहे, अभिप्राय एकही नाही. एजन्सी म्हणते, सुरुवातीला नमुन्याचे चार लिहून टाकू, सगळेच करतात.

‘सगळेच करतात’ हे मला दरवर्षी ऐकवतात, कोण ते कुणी सांगत नाही. नमुन्याचा अभिप्राय म्हणजे बनावट अभिप्राय, त्यावर विकत घेतलेल्या फोटोतला हसरा चेहरा लावला तर दुप्पट बनावट. अभिप्राय नसेल तर ती जागा कापड, माप आणि परत घेण्याचे नियम सांगायला वापरा. एजन्सी हट्टच धरत असेल तर त्यांच्याकडून हा सल्ला लेखी मागा. बहुतेकदा तिथेच उत्साह ओसरतो.

प्रश्न: अभिप्राय देणाऱ्याला सणाची सवलत दिली तर?

द्या, पण ‘अभिप्रायासाठी’, ‘चांगल्या अभिप्रायासाठी’ नव्हे. तक्रार लिहिणाऱ्यालाही तीच सवलत मिळायला हवी आणि ओळीखाली ‘सवलत घेऊन दिलेला अभिप्राय’ असं वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहा. तुमची मेहुणी किंवा दुकानातला माणूस असेल तर नातं सांगा. खरं म्हणजे त्यांना वगळाच. काही ठिकाणी असा मोबदला मुळातच चालत नाही, म्हणून तुम्ही जिथे विकता तिथले नियम आधी विचारून घ्या.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर आलेल्या कौतुकाचा स्क्रीनशॉट टाकू का? त्यांनीच तर पाठवलंय.

तुम्हाला पाठवलंय, गावाला नाही. लेखी परवानगी घ्या आणि त्यात नेमकं विचारा: नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, फोटो हवा की नको, कुठे कुठे लावणार, किती दिवस. नंबर आणि डीपी झाका. मेसेजमध्ये घरच्या कुणाचं नाव किंवा आजारपण आलं असेल तर तेवढा भाग सोडा. लहान मुलाचा फोटो असेल तर पालकांच्या लेखी परवानगीशिवाय आणि वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न: मागच्या सणातले अभिप्राय यंदा चालतील?

माल तोच असेल तर, वर्ष लिहून. कापड, कारखाना किंवा कुरिअर बदललं असेल तर त्या त्या बाबतीतला अभिप्राय बाद. आणि परवानगी किती दिवसांची होती ते पाहा.

प्रश्न: परवा कॅम्पेन सुरू होतंय. पटकन दहा अभिप्राय कसे मिळवू?

परवापर्यंत मिळणार नाहीत. वस्तू वापरायला, लिहायला, परवानगी द्यायला आणि बॅनर पाहून हो म्हणायला माणसाला वेळ लागतो. मी तीन-चार आठवडे धरतो. घाईत ‘तुम्हीच लिहा, मी हो म्हणते’ असं सांगणारा ग्राहक भेटतो, तोही नको. हाताशी परवानगीचे दोनच असतील तर दोनच लावा.

प्रश्न: एका ग्राहकाने आता नाव काढायला सांगितलंय. सणानंतर काढलं तर?

आज काढा.