बाबांची शुगर फॉर्मवर लिहिली होती, तरी पायाच्या जखमेचा क्लेम का नाकारला?

"ताई, वडील 63 वर्षांचे आहेत, शुगर 11 वर्षांपासून. 26 महिन्यांपूर्वी त्यांची 5 लाखांची पॉलिसी काढली. फॉर्मवर शुगर लिहिली होती. हप्ता 34 हजार. गेल्या महिन्यात तळपायाची जखम चिघळली, ॲडमिट केलं. कॅशलेस नाकारलं, 92 हजार खिशातून गेले. आता डोळ्याच्या पडद्यावर लेझर सांगितलंय, आणि किडनीचं क्रिएटिनिन 1.8 आलंय. एजंट म्हणतो ही पॉलिसी सोडा, दुसऱ्या कंपनीची 10 लाखांची घ्या, तिच्यात शुगर 30 दिवसांनी कव्हर होते, हप्ता 61 हजार. माझ्याकडे 4 लाखांची एफडी आहे. काय करू?" – कऱ्हाडचा एक वाचक

जुनी पॉलिसी सोडू नका. तुमच्या एजंटचा राग मानू नका, नव्या पॉलिसीचं कमिशन जुनीच्या नूतनीकरणापेक्षा बरं असतं, एवढंच. पण त्याचा सल्ला ऐकलात तर वडिलांच्या किडनीचं संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकाल. कसं, ते सांगते.

आधी नाकारलेल्या क्लेमचं बघू. पॉलिसीच्या पुस्तिकेत 'आधीपासूनचे आजार' असं कलम असतं आणि ते सगळ्या कंपन्यांत जवळपास एकाच भाषेत छापलेलं असतं. त्यात म्हटलेलं असतं की असा आजार 'आणि त्याची थेट गुंतागुंत' यांचा खर्च ठरावीक महिने मिळणार नाही. सगळा घोळ या 'थेट गुंतागुंत' शब्दांत आहे. वडिलांच्या पायाला जखम पॉलिसी घेतल्यानंतर झाली हे खरं, पण कंपनी ती नवा आजार धरत नाही, शुगरचंच लेकरू धरते. पायाची जखम, डोळ्याचा पडदा, किडनी ही तिन्ही त्याच एका घड्याळावर चालतात. शुगर लिहून दिल्याने ते घड्याळ सुरू झालं, पण अजून पूर्ण फिरलेलं नाही.

हे महिने किती? विमा नियामकाने 1 एप्रिल 2024 पासून कमाल मर्यादा 48 वरून 36 महिन्यांवर आणली. कंपनी यापेक्षा कमी ठेवू शकते, म्हणून तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलवरचा आकडा आधी डोळ्यांनी बघा. 36 असेल तर तुमचे 10 महिने उरलेत. म्हणजे पुढच्या नूतनीकरणाच्या दिवशी प्रतीक्षा संपते. जे दार उघडायला दहा महिने राहिलेत, ते एजंट तुम्हाला सोडायला सांगतोय.

गेलेल्या 92 हजारांसाठी मी भांडणार नाही. डिस्चार्ज कार्डवर 'डायबेटिक फूट अल्सर' लिहिलं असेल तर कंपनीची बाजू पक्की आहे. शेतात खिळा रुतून जखम झाली असेल आणि कार्डवर तसंच लिहिलं असेल, तर फेरविचाराचा अर्ज करून बघायला हरकत नाही. मात्र डॉक्टरांना मागाहून काही बदलून लिहायला सांगू नका. पुढच्या प्रत्येक क्लेमला हेच कार्ड पुन्हा उघडलं जातं.

आता एजंटच्या 61 हजारांच्या पॉलिसीकडे येऊ. ती पोर्टिंगने, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवून नाही, नव्याने देतोय तो. पोर्टिंग फक्त नूतनीकरणाच्या वेळी होतं आणि त्यात भरलेल्या महिन्यांचं श्रेय बरोबर येतं. तुम्ही दोनच महिन्यांपूर्वी हप्ता भरलाय, तेव्हा आत्ता ही वाटच नाही. नवा प्रस्ताव म्हणजे नवा फॉर्म, आणि त्यात विचारणार की पायाला जखम झाली का, डोळे तपासले का, किडनीचे रिपोर्ट काय. तुम्ही खरं लिहिणार: क्रिएटिनिन 1.8. 63 वर्षांच्या पुरुषाचं हे क्रिएटिनिन म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर हा आकडा साधारण 40 ते 45, आणि ती तीन महिने तशीच राहिली तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. 2019 च्या नियमांनुसार काही मोजके आजार कंपनीला प्रस्तावकाच्या संमतीने कायमचे वगळता येतात. त्या यादीत दीर्घकालीन किडनीविकार आहे. म्हणजे एक तर प्रस्ताव परत येईल, नाही तर 'किडनी कायम वगळून' पॉलिसी मिळेल. हप्ता 27 हजारांनी जास्त, आणि ज्याची भीती आहे ते डायलिसिस नेमकं बाहेर.

एजंट म्हणेल, 'किडनीचं लिहू नका, फक्त शुगर लिहा.' डायलिसिसचा पहिला क्लेम आला की कंपनी जुने रिपोर्ट मागते, आणि रक्ताच्या रिपोर्टवर तारीख असते. पॉलिसी सलग 60 महिने चालल्यावर कंपनी फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण काढू शकत नाही. पण तुमचे 60 महिने नव्या पॉलिसीत पुन्हा शून्यापासून सुरू होतील.

जुन्या पॉलिसीत हीच किडनी पॉलिसीनंतर बिघडलेली आहे, आणि शुगर कंपनीने स्वीकारलेली आहे. 36 महिने उलटले की डायलिसिस तिथे क्लेम म्हणून जातं. फक्त एका गोष्टीची खातरजमा करा. पॉलिसीआधी क्रिएटिनिन नॉर्मल होतं का? कंपनीने तेव्हा वैद्यकीय तपासणी केली असेल तर त्या रिपोर्टची प्रत मागून घ्या. तो कागद म्हणजे तुमची ढाल आहे.

आणि इथे बहुतेक क्लेम जिथे अडकतात ती जागा येते. फॉर्मवर शुगर किती वर्षांपासून लिहिली होती? प्रस्तावाची प्रत काढा. माझे एक ग्राहक, सांगलीकडचे निवृत्त शिक्षक, त्यांच्या पायाच्या जखमेचा क्लेम 40 व्या महिन्यात आला. बिल 1,86,000. प्रतीक्षा संपली होती, तरी कंपनीने पहिलं पत्र पाठवलं ते हेच विचारायला: शुगर पहिल्यांदा कधी सापडली, त्याचा कागद द्या. ॲडमिट होताना घरच्यांनी कॅज्युअल्टीत घाईघाईने 'पंधरा वर्षं' सांगितलं होतं, तेच केसपेपरवर उतरलं. फॉर्मवर होती नऊ वर्षं. खरी होती नऊच. नशीब, शुगरच्या पहिल्या एचबीएवनसी तपासणीचा रिपोर्ट त्यांनी जपून ठेवला होता. डॉक्टरांच्या दुरुस्तीच्या पत्रासह तो पाठवला तेव्हा 1,68,000 मिळाले, बाकी हातमोजे, किट वगैरे कापलं गेलं. तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, दवाखान्यात कोणी विचारलं तर वर्षं अंदाजाने सांगायची नाहीत.

तुमच्या फॉर्मवर 11 ऐवजी 'दोन-तीन वर्षं' निघालं, किंवा पायाला मुंग्या, डोळ्याला पूर्वी झालेलं लेझर लिहायचं राहिलेलं निघालं, तर कंपनीला आजच ईमेलने कळवा. कंपनी हप्ता वाढवू शकेल, अटी बदलू शकेल, अगदी पॉलिसी रद्द करण्याची शक्यताही आहे. तरीही मी कळवायच्याच बाजूची आहे, कारण हीच गोष्ट अडीच लाखांच्या बिलासमोर उघडी पडली तर हातात काहीच उरत नाही.

मग हे दहा महिने काय? डोळ्याचं लेझर थांबवू नका. क्लेम मिळेल म्हणून पडद्याचं लेझर किंवा पायाची जखम दहा महिने लांबवणारे लोक मी पाहिलेत. जखमेच्या बाबतीत हा हिशोब बोट कापण्यापासून सुरू होऊन घोट्यापर्यंत जातो. मोतीबिंदू असता तर डॉक्टरांना विचारून थांबता आलं असतं, हे नाही. शिवाय लेझर बऱ्याचदा ओपीडीत होतं, त्यामुळे डे-केअरच्या, म्हणजे 24 तास भरती न होता क्लेम मिळणाऱ्या उपचारांच्या यादीत नसेल तर प्रतीक्षा संपल्यावरही त्याचे पैसे मिळाले नसते. डोळ्यात देतात त्या इंजेक्शनांचं वेगळं आहे. 2019 पासून ती आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाहीत, पण रकमेवर मर्यादा घालता येते. तुमची मर्यादा किती ते पुस्तिकेत बघून ठेवा.

4 लाखांची एफडी खर्चून टाकू नका, तिची मांडणी बदला. अडीच लाख 50-50 हजारांच्या पाच पावत्यांत ठेवा, म्हणजे लागेल तेवढीच पावती मोडेल. उरलेले दीड लाख आहे तसे राहू देत, अगदीच गरज पडली तर बँक एफडीवर कर्ज देते. ॲडमिट न होता होणाऱ्या ड्रेसिंगचा खर्च याच पैशांतून जाईल. पुढे क्लेम सुरू झाल्यावरही डिस्चार्जनंतरचे साधारण 60 किंवा 90 दिवसच मोजले जातात, आणि पायाची जखम त्याहून जास्त रेंगाळते. शुगरवाल्यांच्या खास चपलेचे पैसे तर सहसा मिळतच नाहीत, ती न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीतच आहे.

डायलिसिसची वेळ उद्याच आलेली नाही, 1.8 वर कोणी डायलिसिस सांगत नाही. पण हिशोब माहीत असू द्या. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला 156 वेळा. एका वेळेचे 1,800 धरले तर 2,80,800. वर रक्त वाढवायची इंजेक्शनं, तपासण्या, आणि सुरुवातीला डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडायची फिस्टुला शस्त्रक्रिया. डायलिसिस डे-केअरमध्ये बसतं, 24 तास भरती लागत नाही. म्हणजे 5 लाखांत एक वर्ष निघतं, आणि पुढच्या नूतनीकरणाला 5 लाख पुन्हा भरून येतात. अडचण होईल ती ज्या वर्षी डायलिसिस आणि पाय दोन्ही एकत्र येतील तेव्हा. त्यासाठी पुढच्या नूतनीकरणाला याच कंपनीकडे 10 लाखांसाठी अर्ज करा. मिळालंच तर वाढलेल्या 5 लाखांना शुगरची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून लागेल, जुने 5 लाख मोकळे राहतील. नाकारलं तर नाकारलं, जुनं जात नाही. दुसरा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि डायलिसिस तीत आहे. कऱ्हाड-सातारा भागात कोणते दवाखाने जोडलेले आहेत ते आत्ताच, धावपळ नसताना, विचारून ठेवा.

नूतनीकरणाचा हप्ता महिनाभर आधी भरा. मुदत उलटून गेली आणि खंड पडला तर आतापर्यंत भरलेले सगळे महिने वाया गेले समजा. आणि प्रतीक्षा संपल्यावरही 'थेट गुंतागुंत' म्हणून कोणी क्लेम नाकारला, तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत.

या आठवड्यात कंपनीला एक ईमेल टाका: 'माझ्या वडिलांच्या प्रस्तावाची आणि पॉलिसीपूर्व वैद्यकीय तपासणीची प्रत पाठवा.' उत्तर आलं की शुगरपुढे किती वर्षं लिहिलीत ते मला कळवा. ती 11 नसतील तर दुरुस्तीचं पत्र कसं लिहायचं ते आपण एकत्र बसून ठरवू.